उरलेली पाच मुलं कुठे आहेत?

मार्च-एप्रिलमध्ये समाजकार्य महाविद्यालयांत सादरीकरणं सुरू होतात. एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर आठवड्यातले दोन दिवस एखाद्या वस्तीत, पाड्यावर किंवा संस्थेत काढलेले असतात. त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. बोलताना सगळे फील्डवर्कच म्हणतात. त्या कामातला एखादा उपक्रम निवडून विद्यार्थी तो मांडतो. समोर बाहेरून आलेले परीक्षक, कॉलेजचे मार्गदर्शक, संस्थेतले कार्यकर्ते बसलेले असतात, आणि काही ठिकाणी गावातली माणसंही. मग प्रश्न येतात. उद्दिष्टं कोणती होती, कोणता सिद्धांत वापरला, कोणती साधनं वापरली, मर्यादा काय. या प्रश्नांची उत्तरं बहुतेक विद्यार्थ्यांची पाठ असतात. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली मांडलेली व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वं पहिल्याच वर्षी शिकवली जातात आणि अर्ध्या झोपेतही म्हणून दाखवता येतात. पाड्यावरच्या माणसांचं पुढे काय झालं, हे मात्र या प्रश्नोत्तरांतून कळत नाही.

ते कळायचं असेल तर प्रश्न वेगळ्या ठिकाणाहून सुरू करावे लागतात. एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे आणि त्यातले आकडेही समजावण्यापुरते आहेत. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडचं काम जवळून पाहिलेल्या कुणालाही त्यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल.

एका विद्यार्थिनीने ऑगस्टमध्ये एका पाड्यावर सहा महिने ते पाच वर्षं या वयाच्या मुलांचे दंड मोजले. त्यासाठी रंगीत पट्टी असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळं, त्यावर हिरवं. या पाड्यावर लाल आणि पिवळ्या पट्ट्यात मिळून २४ मुलं निघाली. त्यांतली सात लाल होती. विद्यार्थिनीने अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन आठ आठवडे काम केलं. आयांच्या बैठका घेतल्या, नाचणी, शेंगदाणे, गूळ, तेल वापरून पौष्टिक पदार्थ करून दाखवले, घरभेटी दिल्या, एका मुलाला ग्रामीण रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. ऑक्टोबरअखेर पुन्हा दंड मोजले. मार्चमध्ये तिच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत आलं: ७४ टक्के मुलं सामान्य श्रेणीत.

आता परीक्षकाने काय विचारावं? माझ्या मते पहिला प्रश्न एकच आहे. ७४ टक्के म्हणजे कितीपैकी किती?

उत्तर येतं, १९ पैकी १४. सुरुवात २४ मुलांपासून झाली होती. शेवटच्या मोजणीला १९ आली. विद्यार्थिनीने आलेल्यांवरून टक्केवारी काढली. लबाडी म्हणून नव्हे. तक्त्यात रिकामे रकाने नकोत म्हणून ती पाच नावं गाळली गेली. सगळी २४ धरली तर १४ म्हणजे ५८ टक्के. एवढ्या एका प्रश्नाने आकडा १६ टक्क्यांनी खाली येतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्लाइडवरून नाहीशी झालेली पाच मुलं पुन्हा खोलीत येतात. त्या पाचांपैकी तीन मूळच्या लाल पट्ट्यातली होती. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, त्यांच्यातलीच मुलं तक्त्याबाहेर राहिली.

ती पाच मुलं कुठे आहेत, हे विचारण्याआधी आलेल्या १४ मुलांकडेही थोडं थांबून पाहायला हवं. विद्यार्थिनीच्या वहीत प्रत्येक मुलाचं आधीचं आणि नंतरचं माप असतं. ती वही मागावी. समजा त्यांतल्या पाच मुलांचा दंड १२.३ किंवा १२.४ वरून १२.६ वर गेला आहे. पट्टी पिवळ्यावरून हिरवी झाली, पण फरक दोन-तीन मिलिमीटरचा. आता हे माप कसं घेतात ते पाहा. डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांचा मधला बिंदू शोधून खूण करायची, आणि पट्टी त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी फिरवायची. मूल रडत असतं, हात आखडून घेतं. एकाच मुलाचं माप दोघांनी घेतलं तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे त्या पाच मुलांत खरी सुधारणा झाली की मोजणाऱ्याचा हात बदलला, हे सांगता येत नाही. खात्रीने वाढलेली मुलं उरतात नऊ. २४ पैकी नऊ, साडेसदतीस टक्के.

म्हणून दुसरा प्रश्न असा: दोन्ही वेळी माप कुणी घेतलं, आणि एकदा घेतलं की दोनदा? वर्षभर काम केलेल्या विद्यार्थ्याला याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. त्याला कुठलाही सिद्धांत लागत नाही.

या नऊ मुलांबद्दलही एक शंका उरते, आणि ती ऋतूची आहे. जव्हार-मोखाड्याकडे ऑगस्ट हा घरातलं धान्य संपत आल्याचा काळ. भात, नाचणी, वरई शेतात उभी असते, कणगीत काही नसतं. पाण्यामुळे जुलाब वाढतात, आई लावणी-निंदणीच्या मजुरीला दिवसभर बाहेर असते. ऑक्टोबरअखेर हळवं भात घरात येऊ लागतं, पाऊस थांबतो, जुलाब कमी होतात. कुणीही काही न करता त्या महिन्यांत काही मुलांचे दंड भरतात. त्यातही सगळ्यात वाईट दिवसांत सगळ्यात वाळलेली मुलं निवडली, की पुढच्या मोजणीत त्यांतली काही वर येणारच.

मग सुधारणा उपक्रमामुळे झाली की सुगीमुळे? हे कळण्याचा रस्ता तुलनेचा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. तुलनेची गावं होती म्हणूनच बालमृत्यू घटले ते कामामुळे, हे जगाने मान्य केलं. आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्या विद्यार्थिनीकडून एवढी अपेक्षा करणं अन्याय आहे. पण अंगणवाडीत मुलांची वजनं दर महिन्याला होतात. शेजारच्या पाड्यावरच्या सेविकेकडे जाऊन ऑगस्ट ते ऑक्टोबरची वजनं पाहणं हे एका दिवसाचं काम आहे. तिथल्या मुलांची वजनं तेवढीच वाढली असतील तर उपक्रमाचा वाटा थोडा, हे प्रामाणिकपणे लिहावं. तिथे वाढली नसतील तर विद्यार्थिनीच्या हाती टक्केवारीपेक्षा भक्कम पुरावा येतो. ‘शेजारच्या पाड्यावर याच महिन्यांत काय झालं?’ हा प्रश्न म्हणून मला फार उपयोगी वाटतो. एकदा विचारला गेला की पुढच्या वर्षीची बॅच ते रजिस्टर पाहून येते.

आता त्या पाच मुलांकडे वळू. विद्यार्थिनीने त्यांच्याविषयी लिहिलेलं असतं, फक्त स्लाइडवर नसतं. दैनंदिन नोंदींत शोधलं तर सापडतं.

दोन मुलांच्या घरी तिसऱ्या भेटीनंतर नोंद आहे: आई सहकार्य करत नाही. अशी नोंद दिसली की परीक्षकाने तिथेच थांबावं आणि विचारावं, त्याच्या आधीच्या आठवड्यात पाड्यावर काय घडलं होतं? आपल्या उदाहरणात घडलं ते असं. सेविकेच्या मदतीने लाल-पिवळ्या मुलांच्या नावांची यादी तक्त्यावर लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावली गेली. हेतू चांगला होता. गावाला प्रश्न कळावा, सगळ्यांनी लक्ष द्यावं. पण पाडा लहान असतो. भिंतीवरचं नाव मुलाचं असलं तरी वाचणारा ते आईच्या नावावर मांडतो. सासू बोलते, पाण्यावर बायका विचारतात, सणाच्या जेवणात कुणीतरी टोमणा मारतं. त्या दोन आयांनी अंगणवाडीत येणं थांबवलं. मूल मोजायला नेलं नाही की नाव भिंतीवर लागत नाही, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला. त्यांनी मुलाची काळजी सोडली नव्हती. मुलाला आणि स्वतःला त्या भिंतीपासून वाचवलं होतं.

सन्मानाबद्दल विचारायचं तर ‘तू सहभागींचा सन्मान कसा राखलास?’ असं विचारू नये. त्याला एकच उत्तर येतं, गोपनीयता पाळली, संमती घेतली, कुणाबद्दल निवाडा केला नाही. तीन तत्त्वं एका दमात. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारावं. यादी कुठे लावली होती? ती कुणी कुणी वाचली? कुणाला वाचून दाखवायला लागली? अजून तिथेच आहे का? मापं घेतली तेव्हा खोलीत कोण कोण होतं? स्लाइडवर हा जो उघड्या अंगाचा, फुगलेल्या पोटाचा मुलाचा फोटो आहे, तो त्याच्या आईने या पडद्यावर पाहिला तर चालेल का? फोटोला तिने हो म्हटलं तेव्हा तो कुठे दाखवणार हे तिला सांगितलं होतं का? हो म्हणाली तेव्हा तिला नाही म्हणणं शक्य होतं का, की शेजारी सेविका उभी होती आणि घरी येणारा पोषण आहार तिच्याच हातून येतो?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि तो विद्यार्थिनीवर ठपका म्हणून विचारायचा नाही. पाड्यावरची बाई कॉलेजच्या मुलीला क्वचितच नाही म्हणते. अंगठा मिळतो, सहीही मिळते. खरं नाही दिसतं ते पुढच्या आठवड्यात दार बंद असण्यात, ‘आई रानात गेली’ असं लहान मुलाकडून सांगण्यात. संमतीच्या कागदापेक्षा हे अनुपस्थितीचे दिवस जास्त खरं बोलतात, आणि ते नोंदवहीत तारखेसह असतात.

बैठकांबद्दलही असंच. सहा माता-बैठका झाल्या, सरासरी उपस्थिती अकरा, असं स्लाइड सांगते. विचारावं, बैठक किती वाजता होती? सकाळी अकराला, कारण विद्यार्थिनीची एसटी दहाला पोचते आणि तीनला परत निघते. अकराला आलेल्या बायकांनी त्या दिवसाची मजुरी सोडली होती, किंवा त्या अशा घरांतल्या होत्या ज्यांना मजुरी सोडणं परवडतं. लाल पट्ट्यातल्या सात मुलांच्या आयांपैकी किती जणी त्या खोलीत होत्या? बहुधा कमी. ज्यांच्यासाठी पदार्थ शिजवून दाखवला, त्या तेव्हा दुसऱ्याच्या बांधावर होत्या. आणि ज्या आल्या त्यांना सांगितलं काय, तर मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवा. सल्ला बरोबर आहे. एवढ्याशा पोटात एका वेळी जास्त मावत नाही. पण आई पहाटे जाऊन दिवेलागणीला येत असेल तर मधल्या वेळा भरवणारी सहा-सात वर्षांची थोरली बहीण असते. तिच्याशी कुणी बोललं का? हा प्रश्न विचारला की विद्यार्थिनीला कळतं की तिच्या उपक्रमातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती तिने यादीतच घेतली नव्हती.

पाचांपैकी तिसरं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलेलं. ‘संदर्भित केले’ अशी नोंद असते आणि बहुतेक अहवालांत गोष्ट तिथेच संपते. केंद्रात साधारण चौदा दिवस राहावं लागतं, आईनेही. बुडालेल्या मजुरीपोटी आईला रोजचा भत्ता मिळण्याची सोय असते. तरीही ही आई तिसऱ्या दिवशी मूल घेऊन परतली, कारण घरी आणखी दोन मुलं होती आणि नवरा कामावर. इथे विचारायचा प्रश्न साधा आहे: पाठवल्यानंतर तू तिला कधी भेटलीस? त्याच आठवड्यात भेट झाली असती तर घरच्या दोन मुलांना आजीकडे किंवा शेजारी ठेवून तिला परत नेता आलं असतं कदाचित. भेट तीन आठवड्यांनी झाली असेल, तर का झाली, हेही ऐकून घ्यावं. मध्ये कॉलेजची सत्रपरीक्षा होती, हे खरं कारण असू शकतं.

उरलेली दोन मुलं पाड्यावरच नव्हती. कातकरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास वीटभट्ट्यांवर जातात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, नवरा-बायको जोडीने बांधले जातात, लहान मुलं बरोबर जातात. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर पाच-सहा महिने काढून पाऊस यायच्या आत माणसं परततात. दोन कुटुंबं यंदा थोडी आधीच गेली म्हणून शेवटच्या मोजणीत नव्हती. पण मोजणीत असलेल्या १९ मुलांपैकीही कितीतरी पुढच्या पंधरवड्यात गेली असणार. म्हणजे ऑक्टोबरअखेरचा तक्ता हा भट्टीवर जायच्या आदल्या दिवसांतला तक्ता आहे.

म्हणून मार्चमध्ये विचारायचा सर्वांत नेमका प्रश्न हा: आज ती मुलं कशी आहेत? ऑक्टोबरमध्ये नव्हे, आज. ज्या मुलाचा दंड हिरव्यात गेला त्याला भट्टीवर रोज काय मिळतं, तिथे अंगणवाडी किती लांब आहे, तिथल्या सेविकेला ते मूल आल्याचं कळलं का? पोषण ट्रॅकरवर एका अंगणवाडीतून दुसरीकडे गेलेल्या मुलाची नोंद हलवण्याची सोय आहे. ती या मुलांसाठी वापरली गेली का? विद्यार्थिनीने पाड्यावरच्या सेविकेला विचारून कुटुंबं कोणत्या बाजूला गेली याची यादी केली असेल, एखाद-दुसऱ्या कुटुंबाला फोन केला असेल, तर तिचं काम मी ७४ टक्क्यांच्या स्लाइडपेक्षा खूप वरचं मानेन. केलं नसेल तर तेही समजण्यासारखं आहे, पण मग ‘सुधारली’ या शब्दापुढे ‘ऑक्टोबरअखेर’ असं तिने स्वतःहून लिहायला हवं.

अशा प्रश्नांनी विद्यार्थिनी खचेल, असं काही शिक्षक म्हणतात. मला तसं वाटत नाही. खचवतात ते प्रश्न ज्यांना उत्तरच नसतं, म्हणजे ‘यातून समाजात काय बदल झाला?’ यासारखे. वर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या वहीत आहे, किंवा ती पाड्यावर गेली तर मिळण्यासारखं आहे. आणि सगळ्यांची उत्तरं दिल्यावर तिचं सादरीकरण असं होऊ शकतं: चोवीस मुलं घेतली, त्यांतल्या नऊ मुलांत आठ आठवड्यांत खात्रीलायक वाढ दिसली; त्यात सुगीचा वाटा किती हे मी वेगळं करू शकले नाही; यादी भिंतीवर लावण्याचा निर्णय चुकला आणि त्याने दोन कुटुंबं तुटली, ती यादी मी काढली आणि त्या दोघींच्या घरी गेले, एकीने दार उघडलं; एक मूल केंद्रातून परत आलं, त्याला दुसऱ्यांदा पाठवायचं आहे; बाकीची कुटुंबं कुठे गेली त्याची यादी सेविकेकडे आणि माझ्याकडे आहे. याला पैकीच्या पैकी गुण द्यायला मी तयार आहे.

अडचण आहे ती गुणपत्रिकेत. अनेक ठिकाणी गुण बैठकांच्या संख्येवर, अहवालाच्या जाडीवर आणि सादरीकरणाच्या सफाईवर जातात. गळालेल्या मुलांचा हिशेब देणारी विद्यार्थिनी त्यात मागे पडते, आणि पुढची बॅच ते पाहून शिकते. हे बदलायला विद्यापीठाच्या परिपत्रकाची गरज नाही. परीक्षकाने सादरीकरणाच्या सुरुवातीलाच सांगावं की गळालेल्यांची माहिती आधी सांग, बाकी नंतर. आणि गुण देताना ती धरावी.

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे आणि ती एकट्या विद्यार्थिनीला सोडवता येणार नाही. कुटुंबं भट्टीवरून मे-जूनमध्ये परततात. तेव्हा विद्यार्थिनीची परीक्षा संपलेली असते, ती नोकरी शोधत असते. जुलै-ऑगस्टमध्ये नवा विद्यार्थी येतो, बहुतेकदा नवा विषय घेऊन, आणि त्याच मुलांचे दंड पुन्हा पहिल्यापासून मोजतो किंवा मोजतच नाही. सेविकेच्या दृष्टीने दरवर्षी एक नवी मुलगी येते, मापं घेते आणि जाते. पाठपुरावा कसा करशील, हा प्रश्न म्हणून विद्यार्थिनीइतकाच तिच्या मार्गदर्शकालाही विचारायला हवा: जूनमध्ये या पाड्यावर कॉलेजतर्फे कोण जाणार आहे?

माझी महाविद्यालयांना एवढी विनंती आहे. नव्या वर्षाचे क्षेत्रकार्याचे पाडे वाटताना मागच्या विद्यार्थ्याची वही नव्याच्या हाती द्या, त्यात गळालेल्या मुलांची नावं पहिल्या पानावर असू द्या, आणि पहिली घरभेट त्या घरांतून सुरू करा.